कळविण्यात येईल

मराठीत समीक्षा कशाची होत नाही? कवितेची होते, नाटकाची होते, दिवाळी अंकांची होते. आमच्या कळमेश्वरात तर लग्नातल्या वांगेभाताचीही होते, आणि ती बहुतेक वेळा मूळ कृतीपेक्षा जास्त तिखट असते. पण एक साहित्यप्रकार असा आहे की जो लाखो लोक वाचतात, पुन्हा पुन्हा वाचतात, रात्री झोप येत नाही म्हणून उठून वाचतात आणि तरीही त्याच्याकडे आजवर एकाही समीक्षकाचं लक्ष गेलेलं नाही. तो प्रकार म्हणजे 'तुम्हाला नोकरी मिळालेली नाही' हे सांगणारं पत्र. पूर्वी ते टपालाने येई, आता ईमेलने येतं. ही उणीव भरून काढण्याचं मी मनावर घेतलं आहे. माझी पात्रता विचाराल तर एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात मी तीस वर्षं खर्डेघाशी केली आहे. म्हणजे मी या क्षेत्रात नुसता वाचक नाही, चांगला सिद्धहस्त लेखक आहे.

या समीक्षेला निमित्त झालं ते आमच्या समोरच्या वहिनींच्या धाकट्याचं. पोरगा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. नागपूरच्या एका कंपनीत मुलाखत देऊन आला होता. एका संध्याकाळी मोबाईल हातात धरून तो आमच्या ओट्यावर आला आणि म्हणाला, "काकाजी, हे वाचून पाहा ना जी. यात घेतलं का नाही घेतलं, तेच समजून नाही राह्यलं."

मी चष्मा पुसून वाचायला घेतलं. ईमेल इंग्रजीत होतं आणि चांगलं सहा परिच्छेदांचं होतं. पहिल्या परिच्छेदात कंपनीने त्याने दाखवलेल्या आस्थेबद्दल मनःपूर्वक आभार मानले होते. दुसऱ्यात कंपनीने स्वतःची ओळख करून दिली होती, जणू हा पोरगा तिथे मुलाखतीला गेलाच नव्हता. तिसऱ्यात अर्ज किती प्रचंड संख्येने आले आणि निवड किती अवघड होती याचं करुणरसपूर्ण वर्णन होतं, ते वाचून उमेदवारापेक्षा निवड समितीचीच दया यावी. चौथ्यात त्याच्या गुणांनी सगळे कसे प्रभावित झाले ते होतं. पाचव्या परिच्छेदाच्या तिसऱ्या ओळीत, एका लांब वाक्याच्या शेपटाला, 'या टप्प्यावर आम्ही इतर उमेदवारांबरोबर पुढे जात आहोत' असा एक तुकडा होता. आणि सहाव्यात 'आपला बायोडेटा आमच्या नोंदीत ठेवत आहोत, संपर्कात राहू' असं आश्वासन होतं.

"अरे, नाही घेतलं तुला," मी म्हटलं.

"पण काकाजी, ते म्हणून राह्यले, इतर उमेदवारांबरोबर पुढे जाऊन राह्यलो. म्हणजे इतरांच्या बरोबर मीही असन ना? आणि संपर्कात राहू म्हणते."

आता यात पोराचं इंग्रजी कच्चं होतं असं कोणी म्हणेल. मी म्हणतो, लिहिणाऱ्याची दानत कच्ची होती. कारण हे ईमेल पोराला आलं होतं तीन आठवड्यांपूर्वी. ते तीन आठवडे तो 'संपर्का'ची वाट पाहत बसला होता. दरम्यान बुटीबोरीच्या एका कारखान्याने त्याला बोलावलं होतं, पगार दोन हजारांनी कमी होता. रुजू होण्याची तारीख त्याने जाऊ दिली. नागपूरची मोठी नोकरी येतेय, मग बुटीबोरीला कशाला जा? आता बुटीबोरीची जागा भरली होती, आणि नागपूरची त्याची कधी नव्हतीच.

आता मूळ कृतीचं परीक्षण. हे ईमेल उद्धट नव्हतं, हे आधी मान्य करतो. त्यात एकही वावगा शब्द नव्हता. उलट सगळे शब्द इतके मऊ होते की त्यातून अर्थ हाताला लागू नये. त्याचा खरा दोष असा की त्यातली प्रत्येक ओळ लिहिणाऱ्याच्या सोयीची होती. आभार, परिचय, अवघड निवड, गुणांची वाखाणणी या सगळ्या ओळी लिहून झाल्यावर लिहिणाऱ्याला आपण किती सुसंस्कृत आहोत असं वाटून गार वाटलं असेल. वाचणाऱ्याला हवी होती एकच ओळ, आणि ती नेमकी लपवून ठेवली होती.

ही कला आपल्याला नवी आहे असं नाही. लग्नाच्या बाजारात आपण ती पिढ्यान् पिढ्या कसून जोपासली आहे. पोहे खाऊन, मुलीला गाणं म्हणायला लावून, निघताना चपला घालता घालता वरपिता 'कळवतो' म्हणतो, तेव्हा त्या एका शब्दात सहा परिच्छेदांचा ऐवज असतो. पुढे पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड येई, 'मुलगी पसंत आहे, पण पत्रिका जुळत नाही.' पत्रिका ही आपल्या पूर्वजांनी शोधून काढलेली फार मोठी सोय होती. मुलगी सावळी, हुंडा कमी, मुलाचं दुसरीकडे मन, काहीही असो. दोष सगळा मंगळाचा. मंगळ काही जाब विचारायला येत नाही. पण मुलीच्या बापाला खरं कारण कधी कळत नसे, आणि तो बिचारा पुढच्या स्थळाच्या आधी ग्रहशांती करून घेई. खोटं कारण दिलं की माणूस नको त्या ठिकाणी दुरुस्ती करत बसतो. म्हणून कारण देणार असाल तर खरं द्या, नाहीतर देऊ नका.

याच पोस्टकार्डाचा दुसरा एक प्रकार मात्र मला स्पष्टतेचा आदर्श वाटतो. कोणी गेल्याची बातमी देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. पोस्टमनने ते हातात ठेवलं की अक्षर वाचायच्या आधीच माणूस समजून जाई, ओट्यावरच टेकून बसे, मग वाची. कोण, कधी, एवढंच दोन ओळींत लिहिलेलं असे. त्यात 'आपल्या कुटुंबाने दाखवलेल्या आस्थेबद्दल आभार' नसत. वाईट बातमीला सामोरं जाण्याचा मान त्या फाटक्या कोपऱ्याने वाचणाऱ्याला दिलेला असे. नोकरीचा नकार म्हणजे काही मृत्यू नव्हे, पण कोपरा फाडण्याची रीत त्याला लागू पडते. निर्णय आधी, बाकी सगळं नंतर.

हे सगळं मी त्या पोराला तावातावाने सांगितलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र मला माझं स्वतःचं वाङ्मय आठवू लागलं, आणि झोप गेली. आमच्या कारखान्यात मी एक वाक्य घडवलं होतं : 'आपला अर्ज विचाराधीन ठेवण्यात येत असून यथावकाश कळविण्यात येईल.' साहेबांना ते फार आवडलं होतं. त्याची सायक्लोस्टाईल प्रत काढून ठेवली होती, नाव तेवढं वर हाताने भरायचं. 'विचाराधीन' नावाची एक फाईल खरोखरच होती. ती कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर असे आणि दर दोन वर्षांनी रद्दीत जाई. एक माणूस ते पत्र घेऊन दर सोमवारी गेटवर येत असे. वर्षभर आला. वॉचमन त्याला म्हणे, 'अजून विचार चालू आहे.' एका सोमवारी तो यायचा थांबला तेव्हा आम्ही सुटलो म्हणालो. मी त्याचं वर्ष खाल्लं, हा विचार तेव्हा मनाला शिवलासुद्धा नाही. भाषा शुद्ध होती ना!

योग असा की त्यानंतर महिन्याभरातच आमच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा युनिटचे मालक माझ्याकडे आले. वयाने माझ्या मुलाएवढे. त्यांच्याकडे गुणवत्ता निरीक्षकाची एक जागा होती. ४१ अर्ज आले, ६ जणांना बोलावलं, एकाची निवड केली. "काकाजी, बाकीच्यांना मेल पाठवायचा आहे. तुम्ही पर्सोनेलमधले. जरा चांगलं लिहून द्या ना जी." तीस वर्षांच्या पापाचं परिमार्जन करायची संधी अशी दारात चालून आली.

मी आधी कागदावर तीन ढीग केले. मुलाखतीला न बोलावलेले ३५ हा पहिला. त्यांच्याशी आपला संबंध फक्त कागदाचा आला आहे. त्यांना दोन ओळी पुरतात. 'गुणवत्ता निरीक्षक पदासाठी आपला अर्ज मिळाला. मुलाखतीसाठी आपली निवड झालेली नाही.' खाली नाव आणि हुद्दा. मालकांच्या हिशेबनिसाने हे एकच मेल पस्तिसांना एकदम धाडायचं ठरवलं होतं, आणि ते असं की प्रत्येकाला बाकी चौतिसांचे पत्ते वर दिसतील. म्हणजे नापासांची यादी नोटीसबोर्डावर लावण्यातलाच प्रकार. मी त्याचा हात वेळीच धरला. दुसरं तंत्र त्याहून धोक्याचं : नावाची जागा यंत्राने भरायची. ते चुकलं की उमेदवाराला 'Dear <First_Name>' असं येतं, आणि आपण कोणालाच उद्देशून काही बोललेलो नाही हे जाहीर होतं. पस्तीस नावं हाताने घालायला आम्हाला एक दुपार लागली.

दुसरा ढीग एकाच माणसाचा. हा निवड यादीत दुसरा. पहिला रुजू झाला नाही तर याला बोलवायचं. मालक म्हणाले, "याला काहीच नको कळवायला. राहू दे लटकत." म्हणजे माझा सोमवारवाला! मी म्हटलं, याला नकार लिहू नका, पण मौनही नको. खरं आहे ते लिहा : आपण दुसऱ्या क्रमांकावर आहात, पहिल्या उमेदवाराचं उत्तर यायचं आहे, २० तारखेपर्यंत नक्की कळवतो, दरम्यान दुसरी नोकरी मिळाल्यास खुशाल घ्या. 'कळवू' हा शब्द वाईट नाही हो, त्याला तारीख नसणं वाईट.

तिसरा ढीग चार जणांचा. हे भाड्याचे पैसे खर्चून आले, तासभर बाकावर बसले, चाचणी दिली. यांना खरं पत्र द्यायला हवं. चाचणी अशी होती की प्रत्येकाला एक ड्रॉइंग वाचायला दिलं, मग एका नळीचा बाहेरचा व्यास मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजायला सांगितला. मालक बेरकी. त्यांनी मायक्रोमीटर मुद्दाम असा ठेवला होता की त्याचं तोंड पूर्ण मिटलं तरी तो शून्याऐवजी ०.०३ मिलिमीटर दाखवी. याला शून्य दोष म्हणतात. जाणता माणूस आधी तोंड मिटून पाहतो आणि नंतर प्रत्येक मापातून तेवढं वजा करतो. हे न पाहणाऱ्याची तिन्ही मापं सारखीच चुकतात, आणि सारखी आली म्हणून त्याला ती बरोबर वाटतात. चौघांपैकी तिघे इथेच अडकले होते.

चारही पत्रांत नावं भरायला यादी पुढे ओढली आणि तिसऱ्या नावावर माझं पेन थांबलं. समोरच्या वहिनींचा धाकटा!

मुलाखतीत मी नव्हतो, निर्णय माझा नव्हता, पण पत्र माझं होतं. आता मी काय केलं ते प्रामाणिकपणे सांगतो. बाकी तिघांची पत्रं दहा मिनिटांत लिहून झाली. याच्या पत्राला सुरुवात केली ती 'आपल्या मेहनती व मनमिळाऊ स्वभावाची आम्हाला जाणीव आहे' इथून. मग स्पर्धा किती तीव्र होती ते आलं. मग 'भविष्यात संधी निर्माण झाल्यास आपला अवश्य विचार होईल'. मग 'निराश होऊ नये'. मग उज्ज्वल भविष्य. वाचून पाहिलं तेव्हा चांगले पाच परिच्छेद झाले होते आणि नकार चौथ्यात होता. नागपूरच्या त्या कंपनीतला लेखक मला त्या क्षणी सख्ख्या भावासारखा वाटला. त्यालाही कोणीतरी समोरच्या घरातलं आठवलं असेल. लांबण लावतो तो नेहमी निर्दय असतो असं नाही; पुष्कळदा तो नुसता भित्रा असतो.

मी कागद फाडला आणि हे लिहिलं :

विषय : गुणवत्ता निरीक्षक पदाच्या मुलाखतीचा निर्णय

प्रिय श्री. ——,

गुणवत्ता निरीक्षक पदासाठी आपली निवड झालेली नाही. १२ तारखेला आपण मुलाखतीसाठी आणि चाचणीसाठी आलात, त्याबद्दल आभार.

ड्रॉइंग आपण अचूक वाचले. मायक्रोमीटरचा शून्य दोष मात्र तपासला नाही, त्यामुळे तिन्ही मापे चुकली. या पदावर हे काम रोजचे आहे, म्हणून निर्णय असा झाला.

काही विचारायचे असल्यास शनिवारपर्यंत दुपारी ३ ते ५ या वेळात मला फोन करावा.

आपला,

(मालकांचे नाव, हुद्दा, फोन)

मालकांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "काकाजी, लय कोरडं झालं. थोडं तूप सोडा ना वरून." मी त्यांना सांगितलं, तूप सोडून पाहायचं काम आधीच झालेलं आहे. व्यापारी पत्रव्यवहाराची पुस्तकं पिढ्यान् पिढ्या शिकवत आली की नकाराच्या आधी एक मऊ उशी ठेवावी, मग कारण सांगावं, मग नकार, आणि शेवट गोड करावा. किटी लॉकर नावाच्या अमेरिकन प्राध्यापिकेने हे तपासून पाहिलं आणि १९९९ साली प्रसिद्ध केलं. कर्ज नाकारणारी आणि विद्यापीठातला प्रवेश नाकारणारी खोटीखोटी पत्रं तिने विद्यार्थ्यांना वाचायला दिली, काही उशीसकट, काही बिनउशीची. उशीने वाचणाऱ्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, आणि शेवटचा गोडवा फार ताणला तेव्हा तो अंगलटच आला. ते विद्यार्थी अमेरिकन होते, पत्रं नमुन्याची होती, हे खरं. पण निदान 'तूप घातलंच पाहिजे' या श्रद्धेला पुरावा नाही एवढं त्यातून कळतं.

"बरं, मग नकार विषयातच का नाही टाकत? कोपरा फाडून?" मालकांनी मलाच पेचात धरलं, कारण फाटक्या कार्डाची गोष्ट मी त्यांनाही ऐकवली होती. प्रश्न रास्त होता. पण विषयाची ओळ मोबाईलच्या काचेवर आपोआप उमटते. पोरगा काटोल रोडच्या बसमध्ये मित्राशेजारी बसलेला असतो, नाहीतर मोबाईल घरात आईच्या हातात असतो. त्याच्या नापासाची बातमी त्याच्याआधी दुसऱ्याने वाचू नये. म्हणून विषयात फक्त 'निर्णय', आणि कोपरा फाडायचा तो पहिल्या वाक्यात. एवढा पडदा पुरे. त्याहून जास्त झाला की लपवाछपवी होते.

शेवटी त्यांनी खरी भीती बोलून दाखवली. कारण लिहिलं आणि पोरगा भांडायला आला तर? मी म्हटलं, म्हणूनच कारण कामाचं लिहायचं, माणसाचं नाही. 'आत्मविश्वास कमी वाटला', 'आमच्या वातावरणात बसणार नाही' असलं काही लिहाल तर भांडण आलंच, कारण ते मोजता येत नाही. शून्य दोष सहा जणांना सारखाच होता आणि सहा जणांचे कागद तुमच्या खणात आहेत. चौथ्या उमेदवाराची मापं बरोबर होती, त्याच्याबद्दल दोन परीक्षकांचं एकमत नव्हतं. त्याच्या पत्रात आम्ही कारण लिहिलंच नाही, फक्त फोनची वेळ दिली. बायोडेटा नोंदीत ठेवण्याचं वाक्य तर सगळ्यांतूनच काढलं. मालकांकडे तसली नोंदच नव्हती, आणि मला वरच्या फळीचा अनुभव होता.

पत्रं गुरुवारी सकाळी गेली. शुक्रवारी रात्री पाठवली असती तर फोन करायला फक्त शनिवार उरला असता. गुरुवारी दुपारी मी ओट्यावर बसलो नाही. उगाच आत बसून वर्तमानपत्रातली टेंडरं वाचत होतो. संध्याकाळी पोरगा आला. उभाच राहिला.

"नाही झालं, काकाजी."

"हं."

"ते शून्य दोष म्हणते ना, ते कॉलेजात शिकवलं होतं आम्हाला. घाईत विसरलो." मग थोडं थांबून म्हणाला, "यावेळी समजलं मात्र. एकदाच वाचलं."

एकदाच वाचलं! तीस वर्षांत माझ्या लेखनाला मिळालेला हा पहिला अनुकूल अभिप्राय, आणि तोही लेखक कोण हे ठाऊक नसताना. मी ते त्याला अजून सांगितलेलं नाही. शनिवारी बरोबर तीन वाजता त्याने मालकांना फोन केला आणि मायक्रोमीटर पाहायला येऊ का विचारलं. मालकांनी अर्धा तास त्याच्याकडून मापं घेऊन घेतली. नोकरी काही दिली नाही. जागा एकच होती आणि पहिला उमेदवार रुजू झाला होता. दुसऱ्या क्रमांकावरच्याला १९ तारखेलाच तसं कळवलं.

वहिनींना मात्र पत्राचा लेखक कोण याचा सुगावा लागला असावा. मालकांच्या घरच्यांशी त्यांची ओळख आहे. दरवर्षी या दिवसांत त्यांच्या बागेतली टोपलीभर संत्री आमच्याकडे येतात. यंदा आली नाहीत. आमच्या सौभाग्यवतींनी भिंतीवरून विचारलं, "काहो वहिनी, यंदा संत्र्याचं काय?"

वहिनी म्हणाल्या, "कळवतो."